अनुवादात न मावणारा द्व्यर्थ: ‘दिया’ या शब्दाचे मराठीत काय करायचे?

उद्दिष्टे

हा घटक वाचल्यानंतर तुम्हाला
- चावट द्व्यर्थातला दुसरा अर्थ नेमका कुठे बसला आहे ते शोधता येईल;
- कोणता द्व्यर्थ मराठीत सहज येतो आणि कोणता येत नाही, हे आधीच ओळखता येईल;
- शब्दखेळाला मराठीत प्रतिशब्द नसेल तेव्हा मंच, सबटायटल आणि लेखी नोंद यांसाठी वेगवेगळे मसुदे करता येतील.

१. प्रस्तावना

भिलाई-३ हे दुर्ग जिल्ह्यातील गाव मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे. पोलाद कारखाना आणि रेल्वे यांच्यामुळे या परिसरात देशभरातून माणसे आली. येथे दुकानात हिंदी, शेजारी छत्तीसगढी आणि काही घरांत मराठी बोलली जाते. समजा, अशा वसाहतीतल्या गणेशोत्सवात एका हिंदी स्टँड-अप कलाकाराचा प्रयोग मराठीत करायचा आहे आणि संहितेचा अनुवाद तुमच्याकडे आला आहे. किस्से, नकला, नवराबायकोची भांडणे हे सगळे मराठीत सुरळीत उतरते. मग एक ओळ अशी येते की तिच्यावर मूळ प्रयोगात सर्वांत मोठा हशा आहे, आणि मराठीत तिचे काहीच उरत नाही. ती ओळ चावट आहे, तिचा जीव एका शब्दात आहे, आणि त्या शब्दाला मराठीत जुळा शब्द नाही.

ही अडचण समजून घेण्यासाठी आपण दादा कोंडके यांचे उदाहरण घेऊ. आजच्या अर्थाने ते स्टँड-अप कलाकार नव्हते. पण लोकनाट्यातील सोंगाड्या हा आपल्याकडचा स्टँड-अपचा सर्वांत जवळचा नातेवाईक आहे. प्रेक्षकांकडे तोंड करून, आजच्या घटनेवर, हजरजबाबी बोलणे हे त्याचे काम असते. छत्तीसगढच्या नाचामध्ये हेच काम जोक्कड करतो. दादा कोंडके याच वाटेने आले. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात ते हवालदाराची भूमिका करत आणि त्यात ताज्या घडामोडींवरची वाक्ये घालत. पुढे मराठी चित्रपटांत नाव मिळवल्यावर त्यांनी काही हिंदी चित्रपट केले: ‘तेरे मेरे बीच में’ (१९८४), ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६), ‘आगे की सोच’ (१९८८) आणि ‘खोल दे मेरी जुबान’ (१९८९). ही नावे म्हणजेच एकेक चावट द्व्यर्थ आहे. एकाच विनोदकाराची, एकाच भाषेतली ही नावे मराठीत आणताना मात्र अगदी निरनिराळी वागतात. का, ते पाहिले की आपला प्रश्न निम्मा सुटतो.

२. झाकण आणि सूचना

चावट द्व्यर्थाला नेहमी दोन अर्थ असतात. एक साधा, चारचौघांत म्हणता येणारा. त्याला आपण ‘झाकण’ म्हणू. दुसरा न बोललेला, ऐकणाऱ्याच्या मनात उमटणारा. त्याला ‘सूचना’ म्हणू. बोलणारा फक्त झाकण उच्चारतो. सूचना प्रेक्षक स्वतः तयार करतो, आणि ती केल्याबद्दल स्वतःच चपापून हसतो. “मी कुठे काय म्हणालो? तुमच्याच मनात घाण!” असे सोंगाड्या म्हणू शकतो, आणि त्याचे ते म्हणणे खरेही असते. विनोदाची अर्धी गंमत या नामानिराळेपणात आहे.

यावरून अनुवादकाचे काम काय ते ठरते. दोन्ही अर्थ पोहोचवणे एवढ्यावर ते भागत नाही. झाकण उच्चारले गेले पाहिजे आणि सूचना न उच्चारलेलीच राहिली पाहिजे. अनुवादात सूचना उघड शब्दांत आली, तर तुम्ही श्लेषाचा अनुवाद केलेला नसतो. तुम्ही शिवी किंवा अश्लील वाक्य लिहिलेले असते, आणि ते अशा माणसाच्या तोंडी घातलेले असते ज्याने ते म्हटलेच नव्हते.

झाकण नीट बसले आहे का, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तुमचे मराठी वाक्य अशा माणसाला वाचून दाखवा ज्याच्या मनात विनोदाचा विषय नाही. ते साधे वाक्य म्हणून खपले, तर झाकण बसले. “असं का म्हणाला तो?” असा प्रश्न आला, तर झाकण फाटले आहे. नंतर तेच वाक्य संदर्भासह एखाद्या मित्राला ऐकवा. तो हसला नाही, तर सूचना मेली आहे. दोन्ही चाचण्या लागतात. एकीने काम होत नाही.

३. दुसरा अर्थ कुठे बसला आहे?

अनुवाद करायला बसण्यापूर्वी सूचनेचे ठिकाण शोधायचे. ते तीनपैकी एका जागी सापडते.

३.१ रिकाम्या जागेत

‘तेरे मेरे बीच में’ या नावात एकही शब्द दोन अर्थांचा नाही. ‘बीच में’ म्हणजे मध्ये, बस. चावटपणा आहे तो पुढे काय आहे हे न सांगण्यात. मध्ये काय? ते वाक्य सांगत नाही, म्हणून प्रेक्षक भरतो. अशी रिकामी जागा प्रत्येक भाषेत ठेवता येते. ‘तुझ्या माझ्या मध्ये’ असे म्हटले की झाकण आणि सूचना दोन्ही मराठीत आली. येथे अनुवादकाला काही शोधावे लागत नाही. फक्त जागा न भरण्याचा संयम ठेवावा लागतो. ‘तुझ्या माझ्या मधलं नातं’ असा ‘पूर्ण’ अनुवाद केला की विनोद संपला.

रिकाम्या जागेचे मराठीतले प्रसिद्ध उदाहरण मधुकर तोरडमल यांच्या ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ या नाटकात आहे. त्यातील प्राध्यापक बारटक्के यांना नेमका शब्द आठवत नाही आणि ते त्याच्या जागी ‘ह’ची बाराखडी वापरतात. प्रेक्षक त्या जागी आपल्याला हवा तो शब्द घालतो. हे हिंदीत नेताना वाटते की ‘ह’ला अर्थच नाही, तर तो तसाच ठेवावा. पण मराठीत हा, ही, हे ही दर्शक सर्वनामे आहेत. ‘ह’ उच्चारताना पात्र जणू बोट दाखवते, आणि ते बोट कुठे जाते हे प्रेक्षक ठरवतो. हिंदीत मात्र ‘ही’ म्हणजे ‘च’. तेथे ‘ह’ ठेवला तर बोट नाहीसे होते. हिंदीत हे काम ‘वो’ करतो: ‘उसका वो’, ‘वो वाला’. म्हणजे येथे ध्वनी सोडून दर्शक सर्वनाम पकडावे लागते.

३.२ दोन्ही भाषांना सामायिक असलेल्या अर्थछटेत

‘आगे की सोच’ या नावात ‘आगे’ शब्दाला खरोखरच दोन अर्थ आहेत: येणारा काळ आणि समोरची बाजू. तरीही मराठीत अडचण येत नाही, कारण मराठीतल्या ‘पुढे’ शब्दालाही हेच दोन अर्थ आहेत. ‘पुढचं बघ’ म्हटले की भविष्याचा विचार करण्याचा सल्लाही होतो आणि चावट सूचनाही राहते. हे योगायोगाने घडलेले नाही. आपण काळाची कल्पना चालण्याच्या वाटेसारखी करतो, म्हणून ‘समोर’ आणि ‘नंतर’ या अर्थांना अनेक भाषांत एकच शब्द असतो. जेथे दोन अर्थ अशा सामायिक कल्पनेने जोडलेले असतात, तेथे द्व्यर्थ शेजारच्या भाषेत बहुधा चालत येतो.

३.३ ध्वनीच्या योगायोगात

‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ येथे मात्र ‘दिया’ म्हणजे दिवा आणि ‘दिया’ म्हणजे दिला, या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक ‘दीप’पासून आला, दुसरा ‘देणे’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे. हिंदीच्या प्रवासात दोघांचे उच्चार जवळ येऊन मिळाले, एवढेच. मराठीच्या प्रवासात ते मिळाले नाहीत. दीपाचा मराठीत ‘दिवा’ झाला आणि त्यात ‘व’ टिकला. भूतकाळासाठी मराठीने ‘ल’ घेतला: गेला, आला, केला, दिला. ‘दिवा’ आणि ‘दिला’ एका अक्षराने दूर आहेत, आणि तेवढ्याने खेळ मोडतो. छत्तीसगढीतही तेच होते. दिव्याला ‘दीया’च म्हणतात, पण ‘दिले’ यासाठी ‘देइस’ असे रूप आहे. भिलाई-३ मधला छत्तीसगढी प्रेक्षक हसतो तो त्याला हिंदी येते म्हणून.

आपल्या साहित्यशास्त्रात यासाठी जुनी कसोटी आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त श्लेषाचे शब्दश्लेष आणि अर्थश्लेष असे भेद करताना एक प्रश्न विचारला: शब्द बदलून त्याच अर्थाचा दुसरा शब्द घातला तर अलंकार टिकतो का? टिकला तर तो अर्थाचा, नाही टिकला तर शब्दाचा. ही कसोटी अनुवादकाला आयती उपयोगी पडते, कारण अनुवाद म्हणजे शब्द बदलणेच. मूळ भाषेतच करून पाहा. ‘बीच में’ऐवजी ‘दरमियान’ घातले तरी रिकामी जागा राहते. ‘दिया’ऐवजी ‘दीपक’ घातले की देण्याचा अर्थ तत्काळ जातो. जो विनोद स्वतःच्या भाषेतच शब्दबदल सोसत नाही, तो दुसऱ्या भाषेत शब्दशः जाणार नाही, हे तेथेच कळते.

४. एका ओळीचे चार मसुदे

आता अवघड ओळ घेऊन बसू. प्रथम तिची मोडतोड करून पाहू.

झाकण: अंधाऱ्या रात्री तुझ्या हातात दिवा (आहे). येथे ‘आहे’ गाळले आहे.
सूचना: अंधाऱ्या रात्री (मी काहीतरी) तुझ्या हातात दिले. येथे कर्ता आणि कर्म दोन्ही गाळले आहेत.

म्हणजे ‘दिया’ हा जोडशब्द एकटा काम करत नाही. ‘आहे’ गाळलेले असल्यामुळे ‘दिया’ला क्रियापद होण्याची मोकळीक मिळते, आणि कर्म गाळलेले असल्यामुळे ‘काय दिले?’ हा प्रश्न उरतो. अंधार लपवण्याचे काम करतो. रात-हाथ या यमकामुळे ओळ गाण्यासारखी सहज येते आणि ऐकणारा गाफील राहतो. अनुवादात यांपैकी जोडशब्द जाणार हे नक्की आहे. बाकीच्या गोष्टींपैकी काय वाचवता येते ते पाहायचे.

मसुदा १: ‘अंधाऱ्या रात्री दिवा तुझ्या हाती.’

शब्दशः बरोबर. यमकही जवळपास जुळले. झाकण उत्तम, पण सूचना शून्य. हे एखाद्या भावगीताचे शीर्षक वाटते. मित्राच्या चाचणीत ते नापास होते.

मसुदा २: ‘अंधाऱ्या राती दिलं तुझ्या हाती.’

येथे दुसरा अर्थ घेतला. मराठीची एक सोय येथे उपयोगी पडते. हिंदीत ‘दिया’ म्हटले की दिलेली वस्तू पुल्लिंगी ठरते. मराठीत नपुंसकलिंग आहे, त्यामुळे ‘दिलं’ म्हटल्यावर वस्तूबद्दल काहीच कळत नाही. सूचक बोलण्यात मराठी माणूस ‘केलं’, ‘घेतलं’, ‘दिसलं’ अशी रूपे वापरतो ती याच कारणाने. म्हणून सूचना जिवंत आहे. पण झाकण कुठे आहे? दिवा गेला, आणि त्याच्याबरोबर वाक्याचा साधा अर्थही गेला. कोणीही विचारेल, “काय दिलं?” आणि बोलणाऱ्याकडे निरागस उत्तर नाही. पहिल्या चाचणीत हा मसुदा नापास.

मसुदा ३: ‘अंधाऱ्या राती दिला तुझ्या हाती... कंदील!’

मसुदा २ मध्ये उत्तर नव्हते. ते आता शेवटी, थोडे थांबून दिले. मराठीत कर्म वाक्याच्या शेवटी टाकता येते, बोलण्यात ते नैसर्गिकही वाटते. ‘दिला तुझ्या हाती’ आणि ‘कंदील’ यांच्यामधल्या क्षणात प्रेक्षक सूचना तयार करतो. ‘कंदील’ हा शब्द येऊन त्याला उघडा पाडतो. आता श्लेष राहिलेला नाही, विरामाचा खेळ झाला आहे. तरी झाकण आहे, सूचना आहे, अंधार आणि दिवा दोन्ही शाबूत आहेत.

येथे एक व्याकरणाचा सापळा आहे. शेवटी येणाऱ्या वस्तूचे लिंग आधीच्या क्रियापदाशी जुळले पाहिजे. ‘दिला’ म्हटले तर कंदील किंवा दिवा. ‘दिली’ म्हटले तर पणती. ‘दिलं’ म्हटले तर निरांजन. ‘दिलं... कंदील’ असे केले तर वाक्य शेवटी ठेचाळते आणि बोलणारा आधी खोटे बोलत होता हे उघड होते. नामानिराळेपणा गेला. लिंग निवडताना आणखी एक विचार करावा: ‘दिलं... निरांजन’ यात नपुंसकलिंगामुळे संदिग्धता जास्त आहे, पण निरांजन देवघरातले आहे. गणेशोत्सवाच्या मंचावर ते काही प्रेक्षकांना खटकेल, आणि मूळ विनोदात देवाधर्माची छेड काढलेली नाही. अनुवादाने नवा अपमान आणू नये, म्हणून कंदील बरा.

मसुदा ४: ‘अंधाऱ्या राती, वात तुझ्या हाती.’

येथे वेगळी वाट घेतली. जोडशब्द शोधण्याऐवजी दिव्याच्या घरातलीच अशी वस्तू शोधली जिच्या आकारातून आणि हाताळणीतून सूचना आपोआप निघते. कंदिलाची वात वर करणे, खाली करणे हे साधे घरकाम आहे, म्हणून झाकण भक्कम आहे. यमक तर मुळापेक्षा घट्ट बसले: राती, वात, हाती. गमावले ते दोन गोष्टींत. मूळ ओळीत वाक्याची रचनाच उलटते, नामाचे क्रियापद होते, तो धक्का येथे नाही. आणि मूळ सूचनेत बोलणाऱ्याने काहीतरी केले आहे. येथे सगळे ऐकणाऱ्याच्या हाती आहे.

श्लेषाच्या अनुवादाचे अभ्यासक डर्क डेलाबस्टिटा यांनी अशा मार्गांची यादी केली आहे: श्लेषाच्या जागी श्लेष, श्लेषाच्या जागी साधे वाक्य, श्लेषाच्या जागी दुसरी एखादी भाषिक युक्ती, ओळ गाळणे, टीप देणे, किंवा येथे गेलेले दुसरीकडे भरून काढणे. आपला मसुदा १ हा दुसऱ्या प्रकारात बसतो, मसुदे ३ आणि ४ हे तिसऱ्या प्रकारात. यादीचा उपयोग एवढाच की एक मार्ग बंद झाला तर बाकीचे विसरू नयेत.

मसुदे ३ आणि ४ मधून निवड करण्यापूर्वी पुढच्या ओळी वाचा. स्टँड-अपमध्ये कलाकार आधीच्या विनोदाकडे परत येतो. समजा, दहा मिनिटांनी तो म्हणतो, “और फिर बत्ती आ गई.” तुम्ही दिव्याचा संसार सांभाळला असेल तर “आणि मग लाइट आली” हे सहज बसते, त्यावर पुन्हा हशा येतो. पण तुम्ही अवघड ओळ टाळण्यासाठी केळी-वांग्याचा कुठलातरी तयार मराठी चावटपणा तेथे डकवला असेल, तर लाइट येण्याला काहीच अर्थ राहत नाही. नवोदित अनुवादकांची ही सर्वांत नेहमीची चूक आहे. ओळ एकटी वाचताना ती दिसत नाही. पूर्ण प्रयोग वाचताना दिसते.

५. तीन माध्यमे, तीन निर्णय

मंच. मंचावर विराम कलाकाराच्या हातात असतो, म्हणून मसुदा ३ येथे सर्वांत चांगला. संहितेत विराम कुठे आहे ते लिहून द्या. नाहीतर कलाकार एका दमात ओळ म्हणून टाकेल. येथे आणखी एक प्रामाणिक पर्याय आहे: ओळ हिंदीतच ठेवणे. भिलाई-३ मधल्या मराठी श्रोत्याला ‘दिया’चे दोन्ही अर्थ कळतात, तो दिवसभर दोन्ही भाषांत वावरतो. त्याच्यासाठी मराठी बोलता बोलता एक हिंदी ओळ टाकणे परके नाही. तेथे अनुवाद न करणे हा आळस ठरत नाही, प्रेक्षक ओळखल्याचे ते लक्षण आहे.

सबटायटल. येथे वाचक पूर्ण ओळ एका नजरेत वाचतो, त्यामुळे ‘दिला तुझ्या हाती... कंदील’ मधला विराम मरतो. कंदील आधीच दिसून जातो. उपाय म्हणजे ‘कंदील’ हा शब्द पुढच्या सबटायटलमध्ये टाकणे, पण तेवढा वेळ मूळ आवाजात असेल तरच. नसेल तर मसुदा ४ घ्यावा, कारण त्याला विराम लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सबटायटल हशाच्या आधी वाचून झाले पाहिजे. हशा आधी ऐकू आला आणि ओळ नंतर दिसली, तर वाचक विनोदावर हसत नाही. आपण काय चुकवले ते शोधत बसतो. हिंदी-मराठीची लिपी एकच असल्यामुळे येथेही मूळ ओळ देवनागरीत तशीच ठेवता येते. मात्र दिव्याचे ‘दीया’ असे दीर्घ रूप लिहिले तर एकच अर्थ निवडल्यासारखे होते. कानाला चालणारी तडजोड डोळ्याला दिसते, म्हणून ‘दिया’ असेच लिहावे.

नोंद. कधी अनुवाद हसवण्यासाठी नसतो. बातमी, शोधनिबंध, किंवा कोणाच्या कार्यक्रमाविरुद्ध केलेली तक्रार यांत ओळ उद्धृत करावी लागते. येथे विनोद वाचवण्याचा प्रश्नच नाही. काय बोलले गेले आणि काय सुचवले गेले यांतला फरक वाचवायचा असतो. मूळ ओळ तशीच द्यावी, मग शब्दशः अर्थ, मग सूचना, आणि सूचना ही सूचना आहे असे स्पष्ट लिहावे. उदाहरणार्थ:

“मूळ वाक्य: ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में.’ शब्दशः अर्थ: अंधाऱ्या रात्री तुझ्या हातात दिवा. हिंदीत ‘दिया’ म्हणजे ‘दिले’ असाही होतो. त्यामुळे ‘अंधारात काहीतरी हातात दिले’ असा चावट अर्थ सूचित होतो. काय दिले, ते वाक्यात म्हटलेले नाही.”

शेवटचे वाक्य गाळू नका. अनुवादकाने रिकाम्या जागी अवयवाचे नाव लिहून टाकले, तर वाचणारा समजतो की कलाकार ते नाव मंचावर उच्चारला. मूळ भाषा न येणाऱ्या वाचकासमोर दुसरा पुरावा नसतो. तुमचे वाक्य हेच कलाकाराचे वाक्य होते. उलट फक्त झाकण लिहून ‘यात आक्षेपार्ह काही नाही’ असे भासवणे हेही खोटेच. दोन्ही अर्थ, वेगवेगळे, एवढेच नोंदीत यावे.

६. कधी सोडून द्यावे

काही ओळी कुठल्याच मार्गाने येत नाहीत. तेव्हा कंसात स्पष्टीकरण घालण्याचा मोह होतो. मंचावर आणि सबटायटलमध्ये तो टाळावा, कारण समजावलेल्या द्व्यर्थात प्रेक्षकाला करायला काही उरत नाही, आणि त्याने काही केले नाही तर तो हसतही नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर हे स्वतःवरचाच एक किस्सा सांगत. अध्यक्षपद सोडल्यानंतर जपानमधल्या एका महाविद्यालयात त्यांनी छोटासा विनोद सांगितला आणि दुभाष्याने तो सांगताच सभागृह अपेक्षेपेक्षा कितीतरी जोरात हसले. नंतर कळले की दुभाष्याने सांगितले होते, “कार्टर यांनी एक गमतीची गोष्ट सांगितली आहे, सर्वांनी हसावे.” प्रत्यक्ष सभेत दुभाष्याला क्षणभराचाच वेळ असतो, तेव्हा हे चालून जाते. तुमच्याकडे संहिता आणि वेळ असेल तर हा मार्ग नाही. अशी ओळ सरळ गाळा आणि जवळपास जेथे मराठीत सहज द्व्यर्थ सुचतो तेथे त्याच विषयाचा, तेवढ्याच तीव्रतेचा एक घाला. तीव्रता मोजताना विचार असा करावा: मूळ ओळीवर प्रेक्षक चपापतो की दचकतो? कोंडक्यांच्या ओळीवर तो चपापतो. मराठी ओळीवर तो दचकला, तर तुम्ही जास्त मिरची घातली आहे.

७. सारांश

चावट द्व्यर्थात उच्चारलेले झाकण आणि न उच्चारलेली सूचना असते. अनुवादात ही वाटणी टिकली पाहिजे. सूचना रिकाम्या जागेत किंवा सामायिक अर्थछटेत असेल तर ती मराठीत सहसा येते. ती ध्वनीच्या योगायोगात असेल तर जोडशब्द सोडून द्यावा आणि विराम, लिंगाची संदिग्धता किंवा त्याच प्रसंगातली दुसरी वस्तू यांच्या मदतीने नवी ओळ रचावी. मग ती पुढच्या ओळींशी आणि माध्यमाशी पडताळून पाहावी.

स्वाध्याय

१. ‘खोल दे मेरी जुबान’ या नावात सूचना कुठे बसली आहे? ‘जुबान’ हा शब्द झाकून नाव वाचून पाहा. हिंदीत ‘जुबान खोलना’ हा वाक्प्रचार आहे. मराठीत आपण जीभ उघडत नाही, तोंड उघडतो. ‘उघड माझं... तोंड’ या मसुद्याला दोन्ही चाचण्या लावा आणि लिंगबदलामुळे काय फायदा किंवा तोटा झाला ते लिहा.

२. ‘आगे की सोच’चे तुमच्या मातृभाषेत भाषांतर करा. ‘समोर’ आणि ‘नंतर’ हे दोन्ही अर्थ एका शब्दात येतात का?

३. मराठीतील ‘दिवे लावणे’ या वाक्प्रचाराचा उपरोधिक अर्थ लक्षात घ्या. ‘अंधेरी रात में...’ या ओळीसाठी त्याच्या आधारे पाचवा मसुदा करा. त्यात विनोद आला, पण चावटपणा टिकला का, ते तपासा.

४. तुम्ही ऐकलेल्या एखाद्या द्व्यर्थी वाक्याची भाग ५ मध्ये दिल्याप्रमाणे नोंद करा: मूळ वाक्य, शब्दशः अर्थ, सूचित अर्थ, आणि काय म्हटलेले नाही.